दोन्हीकडे 20 पीपीएमचा क्रिस्टल, तरी अक्षरं बिघडतात: महाग क्रिस्टल घ्यावा का?

देवगडकर: आंब्याच्या शीतगृहातला तापमान-बोर्ड आणि ऑफिसातला बोर्ड, दोन्ही एटमेगा328पी, 16 मेगाहर्ट्झ, 20 पीपीएम क्रिस्टल. मध्ये आरएस-485 ची 80 मीटर केबल, 115200 बॉड, 8एन1. ‘A’ पाठवला की बहुधा 0xC1 येतं, आणि सलग ओळ पाठवली की फ्रेमिंग एरर. आत 13 अंश, बाहेर 34. माझं मत, तापमानामुळे क्रिस्टल सरकतात, म्हणून 2 पीपीएमचा, तापमान-भरपाईचा टीसीएक्सओ लावावा. कोणाचं काय म्हणणं?

खाडीकाठ: पैसे वाया जातील. 20 आणि 20 मिळून 40 पीपीएम झाले, तापमानाचे आणखी 60 धरा, म्हणजे 100. रिसीव्हर स्टार्ट बिटच्या उतारावर घड्याळ जुळवतो आणि स्टॉप बिटचा मध्य 9.5 बिटांनी वाचतो. तेवढ्यात 100 पीपीएमची घसरण बिटच्या हजाराव्या भागाएवढी, आणि चुकायला लागतो अर्धा बिट. म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास तफावत हवी. तुमचा दोष क्रिस्टलमध्ये नाही, भाजकात आहे. 16 ऐवजी 8 ने भागायला लावणारा U2X0 बिट दोन्ही बोर्डांवर सारखा आहे का, ते बघा.

मिऱ्याचा वारा: हे कागदावर. पावसाळ्यात खारी हवा बोर्डावर बसते, क्रिस्टलच्या पायांमध्ये गळती होते आणि फ्रीक्वेन्सी हलते. आमच्याकडे बर्फ कारखान्यातला बोर्ड जूनमध्ये रोज बंद पडायचा, वार्निश मारल्यावर थांबला. आधी वार्निश मारा.

खाडीकाठ: वार्निश माराच, पण ते वेगळं दुखणं. गळती वाढली की ऑसिलेटर थांबतो, बोर्ड मुका होतो. इथे बोर्ड बोलतोय, फक्त आठवा बिट चुकतोय, आणि तोही ठरावीक पद्धतीनं.

देवगडकर: पाठवणाऱ्या बोर्डात U2X0 = 1, UBRR0 = 16. ऑफिसच्या बोर्डात U2X0 = 0, UBRR0 = 8. दोन्ही कोड वेगवेगळ्या ठिकाणचे.

खाडीकाठ: सापडलं. भागताना UBRR0 मध्ये एक मिळवला जातो. पहिला 16 मेगाहर्ट्झला 8 × 17 ने भागतो: 117647 बॉड, 2.1 टक्के जलद. दुसरा 16 × 9 ने: 111111 बॉड, 3.5 टक्के हळू. गुणोत्तर नेमकं 18/17, म्हणजे 5.9 टक्के तफावत. आता एक अक्षर बघा. ऑफिसचा बोर्ड शेवटचा डेटा बिट 8.5 बिटांनी वाचायला जातो, पण पाठवणाऱ्याच्या घड्याळानं तेव्हा 9.0 झालेले असतात, म्हणजे तो डेटा आणि स्टॉपच्या सीमेवर उभा असतो. स्टार्ट ओळखायला थोडा उशीर होतोच, म्हणून बहुतेकदा स्टॉपचा 1 हाती लागतो आणि 0x41 चा 0xC1 होतो. स्टॉप बिट तो 10.06 वर वाचतो. सलग ओळ असेल तर तिथे पुढच्या अक्षराचा स्टार्ट असतो, म्हणून फ्रेमिंग एरर.

खात्री करायची तर सतत ‘U’ पाठवा आणि पहिल्या उतारापासून पाचव्या उतारापर्यंतचा वेळ स्कोपवर मोजा. हे आठ बिट आहेत: 115200 ला 69.4 मायक्रोसेकंद हवेत. इथे पाठवणाऱ्याचे 68 येतील, आणि ऑफिसच्या बोर्डानं पाठवलं तर 72.

सोल्डरवाला: मग दोन स्टॉप बिट लावा की, काम झालं!

खाडीकाठ: अर्धं. दुसरा स्टॉप बिट आला की 10.06 वर रेषा 1 सापडते, एरर गायब होते. पण आठवा डेटा बिट तसाच सीमेवर राहतो. एरर न दाखवता चुकीचं अक्षर येणं जास्त वाईट. दोन्ही बोर्डांत 38400 ठेवा:

```c
UCSR0A &= ~(1 << U2X0);
UBRR0 = 25;   // 38462 baud, +0.16%
```

तापमान पाठवायला 115200 लागतं कशाला, हेही आहेच.

सोल्डरवाला: मान्य. पण उलटा मुद्दा घ्या. क्रिस्टल एवढे चांगले, तर एकाच स्टार्ट बिटमागे 10 ऐवजी हजार बिट का पाठवू नयेत? दर दहात दोन बिट फुकट जातात. अर्ध्या बिटपैकी 0.3 घसरणीला ठेवले, बाकी केबल आणि सॅम्पलिंगला, तरी 100 पीपीएमवर 3000 बिट बसतात.

खाडीकाठ: हिशोब बरोबर, बेत मला पटत नाही. उद्या कुणी एका टोकाला 0.5 टक्क्यांचा सिरॅमिक रेझोनेटर लावला तर तेच 0.3 बिट 60 बिटांतच संपतात. शिवाय एका स्टार्ट बिटवर काँप्रेसरचा झटका आला तर दहा नाही, हजार बिट जातात. आणि चिपमधला यूएआरटी एवढी लांब फ्रेम घेतच नाही, सगळं टायमरवर लिहावं लागेल.

सोल्डरवाला: रेझोनेटर लावूच नका ना! झटक्याला शेवटी सीआरसी आहे, फ्रेम पुन्हा मागवा. मी तर लिहून बघणार.

देवगडकर: 38400 केलं. सकाळपासून एकही 0xC1 नाही. टीसीएक्सओ रद्द. वार्निश मात्र मिरगाच्या आधी मारतो.