मदत हवी आहे: हळदीकुंकवाचे 85 सेट, 100 घेतले तर स्वस्त पडतात का?

जाईची_वेल
मी आणि माझ्या जाऊबाई, दोघींचं हळदीकुंकू वेगवेगळ्या घरी, पण वाण एकत्र मागवायचं ठरलंय. माझ्या 50, त्यांच्या 35. सेट असा: खणाचा छोटा बटवा, आत हळदीकुंकवाची जोडडबी आणि तिळगुळाची पुडी. विक्रेतीने दिलेले भाव: 25 ते 49 नगांना 72 रुपये, 50 ते 99 ला 64, आणि 100 च्या पुढे 56. बटव्यावर नाव छापायचं तर 600 रुपये स्क्रीनचे आणि वर नगाला 5 रुपये, तेही कमीत कमी 100 नग. आमचं बजेट नगाला 65. काय करू?

सुगरण_सासवड
बटवा कशाला गं, सगळ्यांकडे पंधरा पंधरा पडलेत. स्टीलची वाटी दे, नाहीतर मेथी-कोथिंबिरीच्या बियांची पाकिटं. मी गेल्या वर्षी कढीपत्त्याची रोपं लुटली, बायका अजून नाव काढतात.

जाईची_वेल
काकू, कल्पना छान आहे, पण बटवा पक्का झालाय. प्रश्न हिशोबाचा आहे.

रोखठोक_राणी
सरळ 100 घे. नाव पण छापून घे, फोटोत काय उठून दिसतं! जास्त घेतलं की स्वस्तच पडतं.

तुळशीबागकर
सात वर्षं घरून असे सेट भरून देते, म्हणून बोलते. राणीताईंचं निम्मं बरोबर आहे.

85 नगांचे 64 प्रमाणे 5440 होतात. 100 नगांचे 56 प्रमाणे 5600. म्हणजे 160 रुपयांत 15 सेट जास्त. 88 नगांपासून तर 100 घेणंच स्वस्त. आयत्या वेळी शेजारणीची बहीण येतेच, त्यामुळे 15 मधले सात-आठ सहज जातील.

नावाचं गणित मात्र उलटं आहे. 100 नगांवर छपाईचे 1100 होतात, म्हणजे नगाला 11, आणि 56 चे 67 झाले. बजेट गेलंच, शिवाय नाव कुणाचं? तुझं छापलं तर जाऊबाईंच्या 35 जणींना काय वाटेल? दोन नावं हवीत तर दोन स्क्रीन, आणि 100 ची अट बहुतेक प्रत्येक नावाला वेगळी लागेल. साल छापू नकोच, उरलेले बटवे पुढच्या संक्रांतीला काढता येत नाहीत. त्यापेक्षा जाड कागदावर टॅग छापून घे, ए-फोर पानावर 12 बसतात. दोघींच्या नावाचे वेगवेगळे छाप आणि बटव्याच्या नाडीत ओव. झेरॉक्सवाल्याकडे दीड-दोनशेत काम होतं.

आता खरी मेख. तिला विचार, 56 चा भाव एकूण नगांना आहे की एका रंगाला? पुष्कळ जणी एकाच रंगाचे 100 धरतात. तू 50 जांभळे, 50 हिरवे म्हणालीस की बिल 64 नेच येतं.

आजी_नाशिक
आणि कुंकू बघून घ्या हो. आमच्याकडे एकदा डब्यांची झाकणं सैल निघाली. निम्म्या बटव्यांच्या आतून लाल, आणि खणाला डाग तो डागच.

तुळशीबागकर
आजी, अगदी! म्हणून नमुन्याचा एक सेट आधी मागव. भरलेली डबी उलटी करून पांढऱ्या रुमालावर जरा आपट, पावडर पडली तर हळद आणि कुंकू छोट्या पुड्यांत बंद करून मग डबीत ठेवायला सांग. मग रुमालाचं कोरं टोक ओलं करून खणावर घास, रंग लागला तर दुसरा खण बघ. आणि तिळगूळ तिच्याकडून भरून घेऊ नकोस. डिसेंबरात भरलेला हलवा जानेवारीत चिकट होतो. रिकामी पुडी घे, आदल्या रात्री तू भर.

रोखठोक_राणी
पण 85 च मागवून कमी पडले तर नंतर घेता येतील की? 2026 ला रथसप्तमी 25 जानेवारीलाच आली म्हणून घाई झाली होती. 2027 ला फेब्रुवारीत आहे, वेळ आहे.

तुळशीबागकर
वेळ आहे, पण नंतरचे दहा नग कोणत्या भावाने देईल ते आत्ताच लिहून घे. 25 च्या खाली तर तिचा भावच नाही. आणि खणाचा तोच ताका राहील याची खात्री नाही, रंगात फरक दिसतोच.

जाईची_वेल
आत्ताच फोन केला. दोन रंगांपर्यंत 100 एकत्र धरते म्हणाली, पण प्रत्येक रंगाचे किमान 40. आम्ही 50-50 केले की जमतं. डबीसकट भाव आहे, हळदीकुंकू भरायचे नगाला 3 वेगळे. म्हणजे 59. टॅगचे 200 धरले तरी 61. नमुना कुरिअरने येतोय. आता जाऊबाईंना मोरपंखी हवाय आणि मला जांभळा, आणि तिच्याकडे मोरपंखी खणाचे 30 च बटवे निघतील म्हणते...

सुगरण_सासवड
म्हणून म्हटलं, वाटी.