रेपिअर माग हायर पर्चेसवर घ्यावा की लीजवर? मदत हवी आहे

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, जुने यंत्रमाग आहेत, आता एक रेपिअर घ्यायचा ठरलंय. जीएसटी सोडून किंमत २० लाख. दोन ऑफर आल्यात. पहिली हायर पर्चेस, ४ लाख आधी भरायचे, उरलेल्या १६ लाखांवर ९ टक्के फ्लॅट, ४८ हप्ते, हप्ता ४५,३३३. दुसरी लीज, ३ लाख डिपॉझिट (बिनव्याजी, शेवटी परत), महिना ४७,००० अधिक जीएसटी, ४८ महिने, नंतर २ लाख देऊन मशीन ठेवा नाहीतर परत करा. पप्पा म्हणतात हप्ता कमी तिकडं जाऊ, लीजवाला म्हणतो टॅक्स वाचतो. कोणाचं ऐकू?

सीए_व्हायचंय
लीजच घ्या. भाडं पूर्ण खर्चात जातं, वर्षाला ५ लाख ६४ हजार. हायर पर्चेसमध्ये मशीन शेवटच्या हप्त्यापर्यंत तुमची नसते म्हणून घसारा पण मिळत नाही.

हप्तेबहाद्दर
सीए साहेब, पहिलं बरोबर, दुसरं चुकलं. मी १४ वर्षं फायनान्स कंपनीत वसुली आणि कागदपत्रं दोन्ही केलीत. मालकी शेवटी येते हे खरंय, पण इन्कम टॅक्सवाले हायर पर्चेसमध्ये घेणाऱ्यालाच घसारा देतात, रोख किमतीवर, आणि व्याज वेगळं खर्चात. लीजमध्ये घसारा कंपनीचा, तुम्हाला फक्त भाडं.
आता आकडा बघा. ९ फ्लॅट म्हणजे ९ नाही ओ, शिल्लक मुद्दल दर महिन्याला कमी होतंय तरी व्याज पूर्ण १६ लाखांवरच लावतात, म्हणून रिड्युसिंगने ते साधारण १६ टक्के पडतं. पहिल्या वर्षी व्याज साधारण २.३३ लाख आणि २० लाखांवर १५ टक्क्यांनी घसारा ३ लाख (मशीन १८० दिवसांपेक्षा कमी चालली तर निम्मा). मिळून ५.३३. लीजचे ५.६४. म्हणजे पहिल्या वर्षी फार फरकच नाही, दुसऱ्या वर्षी हायर पर्चेसवाला ४.३५ वर येतो. पण लीजचं भाडं ४८ महिन्यांत संपलं की संपलं, घसारा मात्र पुढंही चालतो.

टेम्पोवाला_बाळे
माझा टेम्पो फायनान्सवर होता, हप्ते फिटले पण एनओसी घेऊन आरटीओत बोजा उतरवला नाही, विकायला गेलो तर गिऱ्हाईक पळालं. तुमी आरसी बुकावरचं नाव आधी बघा भावा, कोणाच्या नावावर हाय ते!

हप्तेबहाद्दर
मागाला आरसी नसते ओ 😄 पण मुद्दा बरोबर आहे. माग असो की टेम्पो, विक्रेत्याचं बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. बिल तुमच्या नावावर आणि कंपनीचा फक्त बोजा असेल तर ते कर्ज आहे, बोलताना सगळे हायर पर्चेस म्हणतात. बिल कंपनीच्या नावावर आणि शेवटच्या हप्त्यानंतर मालकी, ते खरं हायर पर्चेस. त्यात मध्ये हप्ते थकले की मशीन तर जातेच, वर भरलेले हप्ते वापराचं भाडं समजून धरतात.

टॉवेलवाला_सोलापूर
बापरे. आमचं रिटर्न पप्पा ४४एडीत भरतात, टर्नओव्हर दीड कोटी. ते चालेल ना?

हप्तेबहाद्दर
हे आधी सांगायचं की राव! ४४एडीत नफा टर्नओव्हरच्या ६ किंवा ८ टक्के धरतात, घसारा, व्याज, भाडं यातलं काहीच वेगळं वजा होत नाही. म्हणजे टॅक्ससाठी दोन्ही ऑफर सारख्याच, शून्य. लीजवाल्यानं तुमचं रिटर्न न बघताच टॅक्स वाचवला. आणि त्यासाठी ४४एडी सोडायचा विचार असेल तर सीएला विचारूनच सोडा, एकदा सोडलं की पाच वर्षं परत येता येत नाही, ऑडिट पण लागू शकतं.

सीए_व्हायचंय
हो, ४४एडी विसरलो होतो. पण जुन्या रेजीममध्ये असाल तर नव्या मशीनवर २० टक्के जादा घसारा पण आहे ना?

हप्तेबहाद्दर
आहे, पण फक्त कारखानदाराला, आणि ४४एडीत तो पण नाही. मग उरतो पैसा. हायर पर्चेस एकूण २५.७६ लाख, मशीन तुमची. लीज २२.५६ अधिक २, म्हणजे २४.५६, वर ३ लाख चार वर्षं बिनव्याजी अडकणार. लीज थोडी स्वस्त दिसते, पण खरी जोखीम आत आहे, मध्येच ऑर्डर बंद पडली तर दोन वर्षांनी परत करता येईल का? बऱ्याच लीजमध्ये उरलेली सगळी भाडी भरूनच सुटका होते, आणि माग बंद असला तरी भाडं चालूच. हायर पर्चेसमध्ये निदान आधी फेडून विकता येतो. रेपिअर पंधरा वर्षं चालतो, मी तरी भाड्यानं घेणार नाही. संगणकासारखं पटकन जुनं होणारं काही असतं तर वेगळं.

टॉवेलवाला_सोलापूर
लीजच्या कागदात आता बघितलं, क्लॉज १७ मध्ये "उर्वरित भाडे एकरकमी" असं लिहिलंय. शिवाय विमा पण आम्हीच काढायचा. पप्पांना हे दाखवतो, ते अजून हप्त्यावरच अडलेत. फ्लॅट ९ चं रिड्युसिंग १२ पर्यंत आणता येईल का, कोणी भांडून बघितलंय?

टेम्पोवाला_बाळे
माझ्या वेळी डाऊन पेमेंट वाढवल्यावर कमी केलं होतं, पण किती ते आता आठवत नाही.