दहा वर्षांचे ध्येय, चाळीस तिमाह्या आणि ओकेआर

तुळई: मी पुण्यात एका स्ट्रक्चरल सल्लागारांकडे डिझाइन करतो. दहा वर्षांत स्वतःची कन्सल्टन्सी उभी करायची आहे, म्हणून चाळीस तिमाह्यांचे ओकेआर, म्हणजे प्रत्येक तिमाहीचे ध्येय आणि ते साधल्याचे दाखवणारे मोजता येण्याजोगे निकाल म्हणजेच की रिझल्ट, लिहून काढले आहेत. या तिमाहीचे की रिझल्ट असे : ‘आयएस १३९२० वाचून संपवणे, एक कोर्स करणे, दहा आर्किटेक्टना भेटणे.’ हे योग्य आहे का?

सह्यकडा: आपण लिहिली आहेत ती कामे आहेत, निकाल नव्हेत. संहिता वाचून संपली तरी भूकंपरोधक डिटेलिंग जमेलच असे नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘सात मजली आरसीसी इमारतीचे डिझाइन कॉलमच्या मांडणीपासून शेड्यूलपर्यंत मी एकट्याने केले आणि वरिष्ठांच्या तपासणीनंतर ड्रॉइंग दोनपेक्षा अधिक वेळा बदलावे लागले नाही.’ दुसरा निकाल : ‘ऑफिसशी जोडलेले दोन आर्किटेक्ट शंका विचारण्यासाठी थेट मला फोन करू लागले.’ नोकरीत असताना बाहेरची कामे घेणे बहुधा नियुक्तीच्या अटींत बसत नाही, पण हा विश्वास आजपासून मिळवता येतो. चाळीस तिमाह्या मात्र लिहू नयेत. दहाव्या वर्षाचे एक वाक्य, तिसऱ्या वर्षी काय हाती असावे याचे एक वाक्य, आणि तपशील केवळ चालू तिमाहीचा, इतके पुरे.

निरीक्षक: मला हे पटत नाही. अँडी ग्रोव्ह यांनी ही पद्धत इंटेलमध्ये रुजवली आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी ती गूगलमध्ये नेली. दोन्ही ठिकाणी ती संस्थेसाठी होती. एकट्या माणसाला कोणते काम मिळेल हे त्याच्या हाती नसते. शिवाय या पद्धतीत सत्तर टक्के साधले तरी यश मानतात. इमारतीच्या बाबतीत हे कसे चालेल?

सह्यकडा: सत्तर टक्क्यांची मुभा मुद्दाम उंच ठेवलेल्या ध्येयांनाच असते. ज्यांची हमी दिली आहे ती पूर्णच व्हावी लागतात, आणि डिझाइनची अचूकता त्यांतच मोडते. आर्किटेक्टचे फोन दोनाऐवजी एकाचेच आले, तर ते मात्र चालण्यासारखे आहे.

माळरान: आमच्या कंपनीत ओकेआर पगारवाढीला जोडले, तेव्हापासून प्रत्येक जण सहज गाठता येतील असेच आकडे लिहितो. म्हणून ही पद्धत नकोच.

सह्यकडा: तो दोष पगाराशी जोडण्याचा आहे. येथे प्रश्न स्वतःच्या वाटचालीचा आहे.

तुळई: पण या तिमाहीत ऑफिसने मला सात मजली काम दिलेच नाही तर?

सह्यकडा: मग निकालासमोर शून्य लिहावे आणि कारणही नोंदवावे. मागूनही सलग दोन तिमाह्या हेच कारण राहिले, तर दुसरे ऑफिस शोधण्याचा विचार करावा.

निरीक्षक: दोन तिमाह्या फारच थोड्या आहेत. एक इमारत पायापासून गच्चीपर्यंत जाण्यासच वर्ष-दीड वर्ष लागते, आणि साइटवर आपले ड्रॉइंग कोठे अडते हे पाहिल्याशिवाय ऑफिस सोडणाऱ्याचे शिक्षण अर्धवट राहते.