मदत हवी आहे: रोजच्या १ जीबीत चौघांना खेळता येईल असा गेम

नागपुरात रूमवर राहतो, वाय-फाय नाही. क्लासचे व्हिडिओ पाहून झाले की गेमसाठी जेमतेम १०० एमबी उरतात. गावाकडच्या तिघा मित्रांसोबत रात्री लुडो खेळतो. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचा डेटा तपासत गेलो, तर खेळताना आकडा फारसा हलत नाही, जाहिरातीचा व्हिडिओ लागला की एकदम वाढतो. बॅकग्राउंड डेटा आणि ऑटो-अपडेट बंद केले, तरी तेच. लिचेसवर जाहिराती नाहीत, डेटाही किरकोळ लागतो, पण बुद्धिबळ दोघांचंच. फोन अँड्रॉइड, पैसे लावायचे गेम नकोत. रूम कोड टाकून चौघांना खेळता येईल आणि व्हिडिओ जाहिराती नसतील, किंवा एकदाच थोडे पैसे भरून कायमच्या बंद होतील, असा लुडो-कॅरमसारखा कोणता गेम तुम्ही स्वतः वापरता, आणि तासाला साधारण किती एमबी जातात?