नऊ आठवड्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन १०.२: काही करायचं की नाही?

नवीपालवी: बाळ पूर्ण दिवसांचं, जन्माचं वजन ३.४ किलो. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १७ होतं. आता नवव्या आठवड्यात दुसऱ्या कारणाने रक्त तपासलं तर १०.२. दूध नीट पितं, वजन ५ किलोच्या वर गेलंय. एक डॉक्टर म्हणतात "नॉर्मल आहे, सोडून द्या", घरचे म्हणतात लोहाचे थेंब सुरू करा. दोन महिन्यांत सात ग्रॅम घसरण नॉर्मल कशी असू शकते? तुमची मतं सांगा.

कोरडाठाक: माझं मत स्पष्ट आहे: काही करू नका. पोटात असताना बाळाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब २५-३० मिलिमीटरच असतो. त्या कमतरतेमुळे एरिथ्रोपोएटिन हे लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक भरपूर तयार होतं आणि लाल पेशी धडाधड बनतात. जन्मल्यावर श्वास सुरू झाला की हा दाब झपाट्याने वाढतो, दुप्पट-तिप्पट होतो. शरीराच्या हिशोबाने आता ऑक्सिजन मुबलक आहे, मग जास्त पेशी हव्यात कशाला? एरिथ्रोपोएटिन जवळजवळ थांबतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी रेटिक काउंट, म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण, एक टक्क्याच्या खाली गेलेला दिसतो. जुन्या पेशी मरत राहतात (नवजाताच्या पेशी ६० ते ९० दिवसच टिकतात, मोठ्यांच्या १२०) आणि नव्या येत नाहीत. त्यामुळे आठव्या ते बाराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९ ते ११ पर्यंत येतं आणि तिथून आपोआप वर चढू लागतं.

शेवंती_२: आईच्या अंगातच रक्त कमी असणार. गरोदरपणात मी गोळ्या नीट घेतल्या नव्हत्या तर माझ्याही मुलीचं असंच झालं होतं. ताई, तुम्ही स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आधी.

नवीपालवी: माझं १२.४ आहे हो. प्रश्न बाळाचा होता.

अर्धचंद्र: कोरडाठाक, तुम्ही मुख्य गोष्टच सोडली. जन्माच्या वेळी ७०-८० टक्के हिमोग्लोबिन गर्भातल्या प्रकारचं, म्हणजे हिमोग्लोबिन एफ असतं. जन्मानंतर ते निरुपयोगी होतं, शरीर ते फोडून टाकतं आणि मोठ्यांच्या प्रकारचं बनवायला घेतं. मधल्या काळात आकडा खाली येतो. एवढी साधी गोष्ट आहे.

ओपीडीबाहेर: अर्धचंद्र, निम्मं बरोबर आहे. एफ कमी होतं आणि मोठ्यांचं वाढतं हे खरं. पण शरीर एफवाल्या पेशी वेचून फोडत नाही. हिमोग्लोबिनमधली एफची गॅमा साखळी सोडून मोठ्यांची बीटा साखळी बनवण्याचा बदल हाडांच्या मज्जेत, नव्या पेशी घडतानाच होतो, आणि तो जन्माच्या आधीपासून चालू असतो. आकडा घसरतो तो लाल पेशींचा कारखाना बंद पडल्याने. एफ ते ए, म्हणजे मोठ्यांचं हिमोग्लोबिन, हा बदल त्या घसरणीचं कारण नाही, ती घसरण बाळाला झेपते कशी त्याचं उत्तर आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून गल्लत होते.

हिशोब करून दाखवतो. हिमोग्लोबिन एफ ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. नवजाताच्या रक्तातलं निम्मं हिमोग्लोबिन मोकळं व्हायला दाब १९ पर्यंत खाली यावा लागतो, मोठ्यांच्या रक्तात २७ लाच ते होतं. गर्भात ही पकड हवीच, कारण आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो. बाहेर आल्यावर तीच अडचण होते. शिरेतला दाब ४० धरला तर नवजाताचं रक्त आपल्याकडच्या ऑक्सिजनपैकी जेमतेम ९ टक्के सोडतं. हिमोग्लोबिन १७ असलं तरी दर १०० मिली रक्तामागे पेशींच्या हाती पडतो अंदाजे २ मिली ऑक्सिजन.

आता तुमचं बाळ, नऊ आठवड्यांचं. एफ बरंच उतरलेलं, पकड सैल झालेली, निम्मं मोकळं होण्याचा दाब २४ च्या आसपास धरू. त्याच ४० दाबाला रक्त १७ टक्के सोडतं. हिमोग्लोबिन १०.२ असूनही १०० मिलीमागे २.३ मिली. म्हणजे कागदावर रक्त कमी झालंय आणि पेशींना ऑक्सिजन मात्र किंचित जास्तच मिळतोय. हे ढोबळ गणित आहे, प्रत्येक बाळाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा बदलत नाही.

नवीपालवी: हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग लोहाचं काय?

कोरडाठाक: लोहाने ही घसरण थांबत नाही, कारण लोहाची कमतरता नाहीच. जन्माला ३.४ किलोच्या बाळात साधारण २९० मिली रक्त, म्हणजे सुमारे ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन. आता ५ किलोला ३९० मिली धरलं तर १०.२ च्या हिशोबाने जवळपास ४० ग्रॅम. आकडा ४० टक्के घसरला, पण एकूण माल फक्त ९ ग्रॅमने कमी झाला. बाळ वाढलं, रक्त पातळ झालं. आणि त्या ९ ग्रॅममधलं लोह, सुमारे ३० मिलिग्रॅम, शरीराने साठवून ठेवलंय. कारखाना पुन्हा सुरू झाला की तेच वापरलं जाईल. लोहाची खरी गरज चार-सहा महिन्यांनंतर येते, तेव्हा त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला.

दुपारपाळी: मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. या धाग्यातला "सोडून द्या" हा सूर पूर्ण दिवसांच्या बाळापुरता ठीक आहे. पण असे धागे वाचून अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आईबाप निर्धास्त होतात आणि मग आम्हाला वेगळीच झुंज द्यावी लागते. "फिजिऑलॉजिकल", म्हणजे शरीराचा नेहमीचाच क्रम, हा शिक्का तिथे आळशीपणा आहे.

ओपीडीबाहेर यांचंच गणित पुढे चालवते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, १.३ किलोचं बाळ घ्या. ते सहा आठवड्यांचं झालं आणि हिमोग्लोबिन ८.२. एफ ते ए हा बदल गर्भधारणेपासूनच्या वयावर चालतो, लवकर जन्मलं म्हणून लवकर होत नाही. त्यामुळे या बाळाची पकड अजून घट्टच असते. निम्मं मोकळं होण्याचा दाब २१ धरला तर ४० ला रक्त १२ टक्के सोडतं, म्हणजे १०० मिलीमागे सुमारे १.३ मिली. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे जी भरपाई होती ती इथे अजून आलेलीच नाही. मग हृदय जास्त पळतं, शिरेतला ऑक्सिजन आणखी खाली ओढला जातो, आणि दूध पिताना दम लागतो.

शिवाय या बाळांच्या लाल पेशी जेमतेम ३५ ते ५० दिवस टिकतात. आणि तपासण्यांसाठी आम्हीच रक्त काढतो. एक किलोच्या बाळात एकूण रक्तच ९० मिलीच्या आसपास असतं, त्यातून रोज मिलीभर काढलं तर आठवड्यात काय उरतं बघा. या बाळांची घसरण म्हणूनच लवकर, चौथ्या ते आठव्या आठवड्यात येते आणि ७ ते ९ पर्यंत खाली जाते.

अर्धचंद्र: पण इतकं कमी झाल्यावर एरिथ्रोपोएटिन वाढायला हवं ना? ऑक्सिजन कमी पडतोय हे शरीराला कळत नाही का?

दुपारपाळी: कळतं, पण उशिरा. गर्भात एरिथ्रोपोएटिन मुख्यतः यकृतात बनतं, मूत्रपिंड नंतर जबाबदारी घेतं. यकृताचा सेन्सर मंद आहे, ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय तो जागा होत नाही. पोटात सतत कमी ऑक्सिजन असतो तिथे हा मंदपणा सोयीचा. अपुऱ्या दिवसांचं बाळ बाहेर येतं तेव्हा काम अजून यकृताकडेच असतं. मज्जेतल्या पेशींना एरिथ्रोपोएटिन दिलं तर त्या नीट प्रतिसाद देतात, म्हणजे दोष मज्जेचा नाही, हाक मारणाऱ्याचा आहे.

अर्धचंद्र: मग उत्तर समोरच आहे. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन द्या! सगळ्यांना का देत नाहीत?

ओपीडीबाहेर: कारण वेळ जुळत नाही. सर्वात लहान बाळांना बहुतेक रक्त पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, तपासण्यांच्या नुकसानीपायी चढवावं लागतं, आणि इंजेक्शनचा परिणाम दिसायला आठवडा-दीड आठवडा जातो. लवकर सुरू केलं तर रक्त चढवण्याचं प्रमाण कमी होतं हे खरं आहे, पण लहान बाळं ते झपाट्याने शरीराबाहेर टाकतात, म्हणून डोस मोठा लागतो आणि सोबत लोहही जास्त द्यावं लागतं. २०२० च्या पेनट चाचणीत २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ९४१ बाळांवर मोठ्या डोसने मेंदूला फायदा होतो का ते पाहिलं. झाला नाही. रेटिनाच्या आजाराबद्दलही शंका होत्या. मी नियमित वापराच्या विरोधात आहे.

दुपारपाळी: मी नाही. मेंदूला फायदा झाला नाही म्हणजे रक्त चढवणं टळण्याचा फायदा शून्य, असं होत नाही. ज्या कुटुंबाला रक्त घ्यायचंच नाही त्यांच्यासाठी मी ते मागते. आपलं यावर जमायचं नाही.

शेवंती_२: रक्त चढवलं तर आकडा लगेच वाढतो ना, मग वाट कशाला बघायची? बहिणीच्या मुलाला दोनदा चढवलं, गाल लाल झाले लगेच.

कोरडाठाक: शेवंतीताई, रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोठ्यांचं, ते ऑक्सिजन सहज सोडतं, म्हणून फरक दिसतो. पण ऑक्सिजन वाढला की बाळाचं जेमतेम जागं झालेलं एरिथ्रोपोएटिन पुन्हा झोपतं, आणि स्वतःचं रक्त बनणं लांबतं. त्यात टॉप नावाच्या चाचणीत, तीही २०२० ची, एक किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या १८२४ बाळांवर पाहिलं: आकडा वर असतानाच रक्त द्यायचं की खाली जाऊ द्यायचा. तिसऱ्या आठवड्यापासून, श्वासाला आधार नसलेल्या बाळांसाठी ही रेषा एका गटात १०, दुसऱ्यात ७ होती. दोन वर्षांच्या आसपास मृत्यू किंवा वाढीतला गंभीर दोष दोन्ही गटांत जवळपास सारखाच. म्हणजे दुपारपाळींची १.३ मिलीची भीती गणितात खरी असली तरी बाळं ती सोसतात.

दुपारपाळी: सोसतात, पण कोणती? चाचणीच्या सरासरीत माझ्या समोरचं बाळ नसतं. मी आकड्याआधी बाळ बघते: वजन रोज वाढतंय का, झोपेत ठोके सतत १७०-१८० वर आहेत का, श्वास थांबण्याचे प्रकार वाढलेत का, बाटली संपायच्या आत थकतंय का. आणि रेटिक. ८.२ आहे पण रेटिक ४ टक्के आणि वजन वाढतंय, तर मी कोणाला रक्त चढवू देणार नाही. तोच ८.२, रेटिक अर्धा टक्का आणि वजन चार दिवस जागच्या जागी, तर रात्री फोन करीन.

नवीपालवी: माझं बाळ पूर्ण दिवसांचं असलं तरी काही खरोखर बिघडलंय हे कशावरून ओळखायचं?

ओपीडीबाहेर: वेळ आणि आकडा दोन्ही जुळायला हवेत. तिसऱ्या आठवड्यातच ९ दिसलं, किंवा नवव्या आठवड्यात ८ च्या खाली गेलं, तर हा नेहमीचा उतार नाही. जन्मानंतर कावीळ जास्त होती आणि रक्तगट आईशी जुळत नव्हता, तर पेशी अजून फुटत असू शकतात. अशा वेळी रेटिक खूप वाढलेला दिसतो, किंवा उलट अगदी दबलेलाही. बीटा थॅलेसेमिया घरात असेल तर आत्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून खुश होऊ नका, एफ अजून बीटा साखळीची उणीव झाकतंय. ते साधारण सहा महिन्यांनंतर उघडं पडतं. तुमच्या बाळाच्या बाबतीत कावीळ किती होती आणि रेटिक किती आहे, सांगितलंत तर बरं.

नवीपालवी: कावीळ थोडी होती, दिवे लावावे लागले नाहीत. रक्तगट दोघांचा ओ पॉझिटिव्ह. रेटिक रिपोर्टवर नाही.

ओपीडीबाहेर: मग पुढच्या लसीच्या भेटीत हिमोग्लोबिनसोबत रेटिकही मागा. आकडा थांबलेला किंवा वर चढायला लागलेला दिसेल असा माझा अंदाज आहे.

शेवंती_२: तरी मी म्हणते, थेंब दिले तर बिघडतं काय?

कोरडाठाक: फार काही नाही. फक्त नंतर आकडा आपोआप वाढेल आणि श्रेय थेंबांना जाईल.