‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षाच का?

धरमपेठकर: मुलगी दहावीत आहे. चाचणीत अलंकार ओळखायला ओळ आली होती: ‘उन्हाला भिऊन जणू फुटाळा तलावाचं पाणी काठ सोडून आत सरकलं.’ पाणी भितंय म्हणून तिने चेतनगुणोक्ती लिहिलं. उत्तर उत्प्रेक्षा निघालं, कारण ‘जणू’ आहे. एवढंच कारण पुरतं का?

शिकवणीवाले काका: पुरतं. ‘सारखा, सम, परी’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेत एवढं पाठ असलं की झालं.

काव्यरसिक: काका, मग ही ओळ घ्या: ‘किल्ला बघायला आल्यासारखे ढग सीताबर्डीवर झुकले.’ ‘सारखे’ आहे, पण उपमा कुठे आहे? ढगांची तुलना कशाशी केली? कशाशीच नाही. झुकण्यामागचा हेतू कवीने कल्पिला, म्हणून ही उत्प्रेक्षा. संस्कृतात ‘इव’ म्हणजे ‘सारखं’ही आणि ‘जणू’ही, त्यामुळे तिथे हाच पेच होता. ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि’ म्हणजे अंधार जणू अंगाला लेप लावतोय. काहींना ही उपमा वाटे. काव्यशास्त्रकार दंडीने ठामपणे सांगितलं, ‘इव’ क्रियापदाला जोडलेला आहे आणि क्रियापद उपमान, म्हणजे जिच्याशी तुलना होते ती गोष्ट, होऊ शकत नाही, म्हणून ही उत्प्रेक्षा.

फुटाळ्याकडे या. ‘पाणी आरशासारखं चकाकतं’ म्हटलं, तर पाणी आणि आरसा या दोन वस्तू आहेत आणि चकाकी दोघांत आहे. ही उपमा. चाचणीच्या ओळीत पाणी खरोखरच सरकलं आहे, ते उन्हाने आटलं. भीती हे त्याचं कवीने लावलेलं कारण. खऱ्या घटनेला कल्पनेतलं कारण जोडलं की ती हेतूत्प्रेक्षा.

धरमपेठकर: आणि ‘जणू’ काढला तर?

काव्यरसिक: तर कवी भीती खरीच धरून बोलतो. तेव्हा मुलीचं उत्तर मी बरोबर धरेन. काही जण तिथेही लपलेली उत्प्रेक्षा मानतील.

शिकवणीवाले काका: असे दोन-दोन पर्याय ठेवले तर पोरं गोंधळतात.

महालची सून: आमच्या सासूबाई म्हणतात, ‘ऊन कसं आगीवानी लागून राह्यलं.’ ‘वानी’ची पण उपमाच ना? पेपरात चालेल का?

काव्यरसिक: उपमाच. ऊन, आग आणि दाह, तिन्ही आहेत.

शिकवणीवाले काका: पेपरात ‘सारखं’च लिहायला सांगा. ‘वानी’ बोलीतलं आहे.

महालची सून: मग नागपूरच्या पोराने घरात ऐकलेली उपमा लिहायचीच नाही का? ‘परी’ कोणाच्या घरी बोलतात, सांगा. ते मात्र पाठ करायचं!

शिकवणीवाले काका: ‘परी’ कवितेत रुळलेला शब्द आहे.

महालची सून: ‘वानी’ पण गाण्यांत आहे. जात्यावरच्या ओव्या ऐका एकदा.