अनुभव धागा: लिहायला एक, अर्थ दोन. तुमचे शब्द आणि तुमचे प्रसंग

सायली_वाचते

दृष्टिहीन मित्रमैत्रिणींसाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. गेल्या महिन्यात एका वाक्याने मला पकडलं: ‘जरा आली तसा संसारातला रस गेला.’ मी ‘जरा’ वाचला जखमेतला ज लावून, म्हणजे ‘थोडंसं’ या अर्थाचा. पुढे ‘आली’ आल्यावर वाक्य अडखळलं, पण तशीच पुढे गेले. ऐकणाऱ्या काकांचा फोन आला, “ताई, तिथे म्हातारपण आलंय. जिऱ्यातला ज हवा.” ते पान पुन्हा रेकॉर्ड केलं.

तेव्हापासून आधी पान डोळ्यांखालून घालते आणि जिथे दाताजवळचा ज किंवा च आहे तिथे पेन्सिलीने अक्षराखाली टिंब देते. आता वही भरत आली आहे. ‘जप’ त्यात आहे: ‘आई पहाटे जप करते’ आणि ‘थंडी आहे, तब्येतीला जप’. ‘जग’ आहे: ‘जगभर पाणी’ म्हटलं तर अख्खी पृथ्वी की टेबलावरचं भांडं, ते टिंबानेच कळतं. ‘चाट’ही आहे, भेळवाल्याकडची आणि ताटातली आमटी ‘चाट’ म्हणतो ती.

तुमच्याकडचे शब्द द्या. सोबत एक लहान वाक्यही द्या, नुसता शब्द माझ्या कामाचा नाही.

गोठ्यावरून

आमचा एक घ्या. ‘म्हशीला चार पेंढ्या चार.’ पुण्याला वाढलेल्या पुतण्याला मी असाच मेसेज केला होता. तो म्हणाला, काका, चार दोनदा पडलंय. पहिला चिमणीतला, दुसरा चटणीतला. बोलताना आम्हाला कधी अडचण आली नाही.

मंदार७१

सोपा नियम आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर चिमणीतला च आणि जिऱ्यातला ज. घरचा मराठी शब्द असेल तर दाताजवळचा. ‘जरा’ आणि ‘जप’ दोन्ही त्यात बसतात.

सायली_वाचते

मंदार, हे बरंचसं लागू पडतं, पण त्यावर विसंबून वाचता येत नाही. वरचा आकडा ‘चार’ घरचाच आहे, तरी चिमणीतला. इ, ई, ए पुढे आले की घरचा शब्दही बदलतो: ‘माझा’ म्हणताना जीभ दाताजवळ, ‘माझी’ म्हणताना मागे. आणि ‘जग’ तर संस्कृत ‘जगत्’मधून आलेला, तरी आपण सगळे जखमेतलाच ज लावतो. म्हणून मी ऐकून टिंब देते, नियमाने नाही.

एका ठिकाणी मात्र अडले आहे. ‘जप करते’ला घरात सगळ्यांचा ज एकच. पण ‘नाम जपते’ म्हणताना आजी एक ज लावते, आई दुसरा. तुमच्याकडे काय?

मराठीच्या_बाई

मी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. माझ्या वर्गात उच्चाराहून जास्त घोळ लिंगाचा होतो. एका विद्यार्थ्याने लिहिलं, ‘रविवारी बोटात बसून मांडव्याला गेलो.’ गेटवेहून मांडव्याला जायची ती बोट, आणि हाताचं ते बोट. पहिल्या रूपात काहीच फरक नाही. विभक्ती लागली की दोघी वेगळ्या होतात: ‘बोटीत’ बसायचं, ‘बोटात’ अंगठी घालायची.

त्या दिवशी आम्ही तासभर हेच केलं. ती मान, तो मान: ‘मानेला’ लचक भरते, ‘मानाला’ धक्का लागतो. ती माळ, तो माळ: ‘माळेत’ मणी ओवतो, ‘माळावर’ शेरडं चरतात. ती पाठ, तो पाठ: ‘पाठीवर’ दप्तर, ‘पाठावर’ प्रश्न. सगळ्यात नाजूक ‘वेळ’, कारण दोन्ही अर्थ शेजारीशेजारी बसतात. ‘वेळेवर ये’ म्हणताना ती वेळ, घड्याळातली. ‘वेळात वेळ काढून ये’ म्हणताना तो वेळ, हातात असलेला. त्या विद्यार्थ्याने वहीत प्रत्येक शब्दापुढे ‘-त’ लावून दोन रूपं लिहिली, आणि पुढच्या आठवड्यात ‘बोटीत’ बरोबर आलं.

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘वर मिळाला’ घ्या. देवाने दिलेला वर की लग्नाचा? दोन्ही पुल्लिंगी, दोन्हींचं ‘वराला’. ‘कर’ही तसाच, हात असो की सरकारला भरायचा पैसा. तिथे मागचंपुढचं वाक्य वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

रानफुल

माझेही काही: शिर आणि शीर, दिन आणि दीन, सुत आणि सूत. लहानपणी श्रुतलेखनात ‘हाताची शिर दुखते’ लिहिलं म्हणून गुण गेले होते!

मराठीच्या_बाई

रानफुल, हे वेगळ्या कप्प्यातले. त्यांचं लेखनच वेगळं आहे, ऱ्हस्व आणि दीर्घ. इथे हुबेहूब एकसारखे लिहिले जाणारे हवेत.

रानफुल

अच्छा, समजलं. मग ‘पाणि’, म्हणजे हात? जुन्या पुस्तकात ऱ्हस्व दिसतो, ‘पाणिग्रहण’मध्येही ऱ्हस्वच. पण ‘कवि’चा आता ‘कवी’ झाला, तसा हा एकटा लिहिला तर ‘पाणी’ होईल ना? मग तो तुमच्या कप्प्यात येतो.

मराठीच्या_बाई

नियमाने येतो. पण तो असा एकटा लिहिलेला मी आजच्या मजकुरात पाहिलेला नाही. कुणाला आढळला तर वाक्य द्या.

किनाऱ्यावरचा

आमच्या आजोबांचं गलबत होतं. त्यांची जुनी पत्रं मी घरच्यांसाठी टाइप करत होतो. त्या काळी नावाचा ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि होडीचा ‘नाव’ बिनटिंबाचा. 1962च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून मीही सरसकट काढले.

बऱ्याच ठिकाणी काही बिघडलं नाही. ‘नाव विकली, पण नांव राखले’ हे वाक्य टिंब काढूनही कळतं, कारण ‘विकली’ आणि ‘राखले’ सांगतात की कुठली कोण. पण एका पत्रात मुलगी झाल्याची बातमी आहे आणि खाली ओळ: ‘दोन दिवस नांव शोधीत आहे.’ मी टाइप केलं, ‘दोन दिवस नाव शोधीत आहे.’ क्रियापदात लिंग दिसत नाही, विशेषणही नाही. बहिणीने वाचून मला विचारलं, त्याच आठवड्यात वादळ झालं होतं का, नाव कुठे वाहून गेली? मूळ कागद काढला. शाई फिकट झाली होती, पण ‘ना’वरचं टिंब स्पष्ट होतं. ते बाळ म्हणजे आमची आत्या. नंतर सगळी पत्रं पुन्हा काढून बसलो, आणि जिथे टिंब होतं तिथे ते परत दिलं.

पत्रांत ‘पांच’ही आहे, आकडा. आणि दागिन्यांच्या यादीत ‘पाच’, हिरवा खडा. यादीतली ओळ अशी: ‘अंगठी पाच’. खडा की संख्या? इथे टिंब नाही म्हणून मी खडा धरला आहे. पण त्याच यादीत आजोबांनी दुसरीकडे घाईत टिंबं सोडलेली दिसतात.

सायली_वाचते

ही ओळ मला रेकॉर्ड करायला दिली असती तर थांबलेच असते. खडा असेल तर चटणीतला च, आकडा असेल तर चिमणीतला. त्या अंगठ्यांपैकी एखादी घरात आहे का अजून?

किनाऱ्यावरचा

एक आहे, आत्याकडे. खडा पडलेला आहे, नुसतं कोंदण.